शूटआउटमधली पहिली किक आणि ६० टक्क्यांचा आकडा

प्रश्न: "आमच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत बरोबरी झाली की थेट पेनल्टी शूटआउट आहे आणि मी कॅप्टन आहे. टॉस जिंकला तर पहिली किक घ्यायची का? पहिली किक घेणारा संघ ६० टक्के वेळा जिंकतो असं सगळीकडे वाचलंय, ते खरं आहे का?"

टॉस जिंकलात तर खुशाल पहिली किक घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. ६० टक्क्यांचा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. पण त्यानंतर बरंच मोजमाप झालंय आणि त्यात हा फायदा टिकलेला नाही.

आधी तो आला कुठून ते सांगतो. अपेस्तेगिया आणि पालासिओस-ह्युएर्ता या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये १२९ शूटआउट तपासले. त्यात पहिली किक घेणारे संघ ६०.५ टक्के वेळा जिंकले होते. त्यांची निवड हुशारीची होती, कारण हे शूटआउट २००३ च्या मध्याआधीचे होते. तोपर्यंत टॉस जिंकणाऱ्याला पहिली किक घ्यावीच लागायची, निवड नव्हती. म्हणजे पहिला कोण, हे निव्वळ नाण्यावर ठरायचं. ताकदवान संघ मुद्दाम पहिली किक निवडतात आणि म्हणून जिंकतात, ही शंकाच तिथे उरत नाही.

अडचण १२९ या संख्येत आहे. एवढ्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने आठ-नऊ टक्के इकडचे तिकडे होऊ शकतात. म्हणजे खरा आकडा ५२ असो वा ६९, हा निकाल दोन्हींशी जुळतो. दोन वर्षांनी कोखर, लेंझ आणि सुटर यांनी ५४० शूटआउट जमवले, तेव्हा तोच आकडा ५३.३ वर आला आणि योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. पालासिओस-ह्युएर्तांनी पुढे हजार शूटआउट घेऊन पुन्हा ६० च्या आसपासच आकडा मांडला, त्यामुळे वाद चालू राहिला. मला सगळ्यात वजनदार वाटतो तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास: युरोपातल्या पुरुषांच्या स्पर्धांचे ११ हंगाम आणि दीड हजारावर शूटआउट. त्यात दोन्हीपैकी कुठल्याच संघाला फायदा दिसला नाही. दीड हजारात योगायोगाची मर्यादा अडीच टक्क्यांवर येते, त्यामुळे दहा टक्क्यांचा फायदा खरंच असता तर तो लपून राहिला नसता. एखाद टक्क्याचा असेल तर मात्र तो इतक्या माहितीतूनही निसटू शकतो.

लहान नमुना कसा फसवतो ते वर्ल्ड कपवर बघा. २००६ मध्ये चार शूटआउट झाले आणि चारही पहिली किक घेणाऱ्याने जिंकले, इटली-फ्रान्स फायनलसकट. २०१० मध्ये दोन झाले, दोन्ही पहिल्यानेच जिंकले. सहापैकी सहा! त्या वेळी कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं की टॉस जिंकला तिथेच मॅच संपली. २०१४ मध्ये दोन-दोन अशी वाटणी झाली. २०१८ ला चित्र पार उलटलं: स्पेन, डेन्मार्क, कोलंबिया आणि रशिया यांनी पहिली किक घेतली आणि चौघेही हरले. २०२२ च्या पाचपैकी दोन पहिल्याने, तीन दुसऱ्याने जिंकले. फायनलमध्ये फ्रान्सकडून एम्बापेने पहिली किक गोल केली, कप अर्जेंटिनाने नेला. पाच वर्ल्ड कपचे मिळून १९ शूटआउट, त्यातले १० पहिल्याचे आणि ९ दुसऱ्याचे.

मग फायद्याची कल्पना इतकी का पटते? कारण तिच्यामागचं दडपण खरं आहे. यॉर्डेट आणि हार्टमन यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या किक वेगळ्या करून पाहिल्या. गोल केला की सामना जिंकला, अशा किकवर खेळाडूंनी ९२ टक्के गोल केले. चुकलो तर हरलो, अशा किकवर फक्त ६२ टक्के. पाच-पाच किकनंतरही बरोबरी असली की एकेक किकची सडन डेथ सुरू होते, तिला हे आकडे लावून बघू. समजा पहिला संघ १०० पैकी ७५ वेळा गोल करतो. त्या ७५ वेळा दुसऱ्या संघाचा खेळाडू 'चुकलो तर हरलो' अशा स्थितीत येतो आणि ३८ टक्के, म्हणजे साधारण २८ वेळा तो चुकतो. उरलेल्या २५ वेळा त्याला गोल केला की विजय आहे, आणि तो २३ वेळा गोल करतो. म्हणजे निकाल लागलेल्या फेऱ्यांत २८ विरुद्ध २३, जवळपास ५५-४५. दडपण नसतं आणि प्रत्येक किकला ७५ टक्केच शक्यता असती, तर दोघांनाही सारख्याच, १९ च्या आसपास फेऱ्या मिळाल्या असत्या.

लक्षात घ्या, दडपणाचे हे टोकाचे आकडे जसेच्या तसे धरूनही पहिल्याला ५५ च मिळतात, आणि तेही फक्त सडन डेथमध्ये. बरेच शूटआउट तिथवर पोचतच नाहीत. शिवाय ६२ आणि ९२ हे आकडेही मोजक्याच किकवरून आलेत. दुसऱ्या संघाच्या वाट्याला सर्वांत अवघड किक येते तशी सर्वांत सोपीही येते, ही बाजू लोक विसरतात.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०२३ च्या सॅफ स्पर्धेची बेंगळुरूमधली फायनल. पहिली किक भारताची होती. पाच-पाच किकनंतर ४-४. सहावी किक महेश सिंगने गोल केली आणि आपला गोलकीपर गुरप्रीतने कुवेतच्या हाजियाची किक अडवली. पहिल्या संघाला हवा असतो तो नेमका हाच क्रम. पण त्यावरून नियम काढू नका, गुरप्रीतने अडवली म्हणून आपण जिंकलो.

क्रम बदलून बघण्याचा प्रयोगही झाला. २०१७ मध्ये टेनिसच्या टायब्रेकसारखा अ-ब-ब-अ क्रम काही स्पर्धांत वापरला. त्या वर्षीच्या कम्युनिटी शील्डमध्ये आर्सेनलने चेल्सीला अशाच शूटआउटमध्ये ४-१ ने हरवलं. नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१८ च्या अखेरीस तो सोडून दिला: लोकांना गोंधळाचा वाटत होता आणि पुरेसा पाठिंबा नव्हता.

कॅप्टन म्हणून तुमच्या हातात टॉसपेक्षा मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे तुमच्याच पाच जणांचा क्रम. नियमानुसार तो रेफरीला आधी द्यावा लागत नाही. म्हणजे शूटआउट चालू असताना तुम्ही तो बदलू शकता, आणि कित्येक संघ हे वापरतच नाहीत. फेब्रुवारी २०२२ मधली आफ्रिका कपची फायनल आठवा, सेनेगल विरुद्ध इजिप्त. सेनेगलच्या चार किक झाल्या होत्या आणि ते ३-२ ने पुढे होते. इजिप्तची चौथी किक चुकली असती तर सेनेगलला पाचव्या किकवर कप जिंकता येणार होता. इजिप्तचा सालाह पाचव्या क्रमांकासाठी राखलेला होता, त्याला पुढे आणलं नाही. इजिप्तच्या लाशीनची किक अडवली गेली, सेनेगलचा माने आला, गोल झाला. संघातला सर्वोत्तम खेळाडू एकही किक न मारता हरला.

म्हणून माझं मत असं: सर्वांत भरवशाचा खेळाडू पाचव्यासाठी जपून ठेवू नका, पहिल्या चारांत घाला. चौथ्या किकच्या आधी स्कोअर बघा, आणि चुकलं तर अंगलट येणार असेल तर ठरलेला क्रम मोडून चांगला माणूस पाठवा. सहावा, सातवा आणि आठवा कोण हेही आधीच बोलून ठेवा, कारण सडन डेथमध्ये 'तू जातोस का, तू जातोस का' सुरू झालं की जायला तयार नसलेला पोरगा किकला उभा राहतो. टॉसच्या वेळी दोन टॉस असतात, एक गोलपोस्ट ठरवायला आणि दुसरा क्रमासाठी. तेव्हा काय मागायचं ते सामन्याआधीच संघाला विचारून ठेवा. पहिल्या नंबरचा खेळाडू म्हणाला की मला आधी जायला आवडेल, तर पहिली किक घ्या. त्याला दुसऱ्याचं बघून मारायचं असेल, तर दुसरी घ्यायलाही आकड्यांची काही हरकत नाही.