साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिताना ‘मस्का’ कसा टाळावा?

प्रश्न: शुक्रवारी आमच्या प्लांट हेड सरांचा वाढदिवस आहे. मी लिहिलंय: “आदरणीय सर, आपण आमचे प्रेरणास्थान, दीपस्तंभ आणि कुशल नेतृत्व आहात. आपल्यासारखे साहेब लाभणे हे आमचे भाग्य. अशीच कृपादृष्टी राहू द्या. कोटी कोटी शुभेच्छा!” बायको म्हणाली, “हा चौकातला फ्लेक्स आहे का?” सर खरंच चांगले आहेत. ऑगस्टमध्ये ग्राहकाने लॉट परत पाठवला, तेव्हा मीटिंगला ते स्वतः येऊन बसले, मला एकट्याला पाठवलं नाही. मी क्वालिटीत आहे. काय बदलू?

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे. पण गंमत बघा, जे लिहायला हवं होतं ते तुम्ही आम्हाला प्रश्नात सांगून टाकलंत आणि सरांच्या मेसेजमधून वगळलंत.

‘कुशल नेतृत्व’ हे शब्द खोटे नाहीत, तरी खटकतात. त्यात आपण, म्हणजे हाताखालचा माणूस, साहेबांना प्रमाणपत्र देतो. त्यांचं नेतृत्व कुशल आहे की नाही हे ठरवणारे आपण कोण? आपल्याला खात्रीने सांगता येतं ते एवढंच, की अमुक दिवशी तुम्ही असं केलंत आणि त्यामुळे माझ्यात हा फरक पडला. हे सांगायला वरिष्ठ असावं लागत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होत नाही. म्हणून विशेषणं काढा आणि ऑगस्टची मीटिंग घाला.

‘कृपादृष्टी राहू द्या’ मात्र आधी खोडा. शुभेच्छा देता देता तुम्ही काहीतरी मागताय. सरांचा वाढदिवस अप्रेझलच्या आसपास येत असेल, तर त्याचा अर्थ काय लावला जाईल हे सांगायला नको. ‘कोटी कोटी’ही काढा, ‘हार्दिक’ पुरे.

आता ‘आपण’चं. रोज बोलताना तुम्ही त्यांना ‘सर, तुम्ही’ म्हणत असाल, तर वाढदिवसालाच ‘आपण’ आणि ‘आपणास’ कशाला? आदर ‘सर’मध्ये आणि ‘बसलात’सारख्या क्रियापदात आलाच आहे. एकदम दरबारी भाषा आली की मेसेज कुठून तरी उचललाय असं वाटतं.

मी असा लिहिला असता:

“सर, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. ऑगस्टमध्ये लॉट परत आला तेव्हा ग्राहकाच्या मीटिंगला तुम्ही स्वतः येऊन बसलात. त्या दिवशी मला केवढा धीर आला, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं. आता माझ्या टीममधल्या कुणावर अशी वेळ आली, तर मीही त्याच्याबरोबर जाऊन बसतो. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो.”

चौथं वाक्य खरं असेल तरच ठेवा. तुम्ही अजून कुणाबरोबर जाऊन बसला नसाल, तर ‘सांगायचं राहून गेलं’पाशी थांबा. सरांना शॉप फ्लोअरवरचं सगळं कळत असतं, आणि अशी एखादी फुगवलेली ओळ पकडली गेली की आधीची खरी ओळही वाया जाते. प्रसंगही एकच हवा. दोन-तीन जोडलेत की पुन्हा गौरवपर भाषण सुरू होतं.

एक चूक मी स्वतः केली आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या तेव्हाच्या साहेबांनी ऐन मार्चमध्ये दहा दिवस रजा दिली होती. वाढदिवसाला मी ते अगदी मनापासून लिहिलं, पण ऑफिसच्या ग्रुपवर. त्याच मार्चमध्ये एका सहकाऱ्याची चार दिवसांची रजा नामंजूर झाली होती. त्याने मेसेजखाली फक्त अंगठा टाकला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून “थँक यू, पण हे मला एकट्याला पाठवायचंस ना” असं म्हटलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तुमच्या बाबतीत तर हे जास्तच लागू आहे. परत आलेला लॉट म्हणजे प्रॉडक्शनमधल्या कुणाची तरी दुखरी नस, आणि प्लांटची तक्रार सगळ्यांसमोर निघालेली सरांनाही आवडणार नाही. ग्रुपवर “सर, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आरोग्य उत्तम राहो.” एवढंच टाका. तिथे तुमच्याआधी तीस जणांनी केकची चित्रं टाकलेली असतील, तुमची साधी ओळ त्यात सहज खपून जाईल. ऑगस्टचा मेसेज त्यांच्या नंबरवर पाठवा, आणि रात्री बाराला नको, सकाळी पाठवा.

आणि कार्डावर ‘अभीष्टचिंतन’ लिहिणार असाल तर ‘भी’ दीर्घ आहे. फ्लेक्सवर तो बहुतेक वेळा ऱ्हस्वच असतो.