व्हिडिओंच्या मेटाडेटासाठी वर्षाचा करार: 156 विक्रींचा नफा मोजावा का?

प्रश्न: माझं दुकान आहे. यूट्यूबवर आमचे 40 प्रसिद्धीचे व्हिडिओ आहेत: 22 जुन्या सवलतींचे, 7 नव्या मालाचे आणि 11 ‘कसं निवडावं, कसं मोजावं, कसं जपावं’ अशा माहितीचे. एका फ्रीलान्सरने प्रस्ताव दिलाय. रक्कम उघड करायची नाही, म्हणून एका सरासरी विक्रीत हातात राहणारा नफा 1 धरून सांगतो. जुन्या 40 व्हिडिओंची शीर्षकं, वर्णनं, प्रत्येकी 15 टॅग आणि हॅशटॅग यांचे 60. पुढे दरमहा 4 नव्या व्हिडिओंचे 8, किमान 12 महिने. जुन्या कामाचे सगळे पैसे आणि 3 महिन्यांची फी आगाऊ. ‘शोधात पहिल्या पाचात आणू’ असंही लिहिलंय. गेल्या 90 दिवसांत 12,000 व्ह्यूज झाले, त्यातले 1,800 यूट्यूबच्या शोधातून. व्हिडिओ पाहून आलेल्या 18 जणांनी खरेदी केली. आगाऊ रक्कम पुढच्या मालासाठी ठेवलेल्या पैशांतून द्यावी लागेल. देऊ का?

उत्तर: या अटींवर देऊ नका. पण फ्रीलान्सरला परतही पाठवू नका, कारण प्रस्तावातला एक छोटा तुकडा तुमच्या उपयोगाचा आहे.

तुम्ही रक्कम विक्रीच्या नफ्यात मोजली हे बरं झालं. वर्षाचा खर्च 60 अधिक 96, म्हणजे 156 होतो. तो नुसता भरून निघायला महिन्याला 13 जादा विक्री हव्यात. आज व्हिडिओंमधून महिन्याला 6 होतात, म्हणजे त्या 19 पर्यंत जायला हव्यात, आणि तेवढं होऊनही पहिल्या वर्षी फायदा शून्यच.

शीर्षक, वर्णन, टॅग अशा मेटाडेटाचा जोर मुख्यतः शोधावर चालतो. तुमच्या व्ह्यूजपैकी शोधातून आलेले 15 टक्के आहेत. त्याच प्रमाणात खरेदी धरली तर 18 पैकी तीनसुद्धा विक्री शोधातल्या ठरत नाहीत. शोधून आलेला माणूस घ्यायच्या तयारीने येतो, म्हणून मी हात सैल सोडून निम्म्या, म्हणजे 9 विक्री शोधाच्या खात्यात टाकतो. महिन्याला 3 झाल्या. फ्रीलान्सरने उत्तम काम करून शोधातून येणारी माणसं दुप्पट केली, तर महिन्याला आणखी 3 आणि वर्षाला 36. यातला प्रत्येक गिऱ्हाईक वर्षभरात पुन्हा एकदा आला असं धरलं तरी 72 होतात. 156 च्या निम्मेही नाहीत. इतका उदार अंदाज धरूनही हिशेब बसत नाही, तेव्हा फीवर थोडी घासाघीस करून तो बसणार नाही. कामाची व्याप्तीच बदलायला हवी.

सवलतींच्या 22 व्हिडिओंपासून सुरुवात करा. संपलेली सवलत कुणी शोधत नाही, आणि शोधून सापडली तर गिऱ्हाईक जुना भाव मागत येतो. त्यांना नवं शीर्षक देणं म्हणजे 1.5 च्या दराने 33 विक्रींचा नफा वाया घालवणं. ते व्हिडिओ खाजगी करून ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत. नव्या मालाचे 7 व्हिडिओ बहुधा तुमचे ओळखीचे गिऱ्हाईकच पाहतात. तेही आत्ता बाजूला राहू द्या.

उरले माहितीचे 11. त्यांच्यावर पैसे घालण्याआधी यूट्यूब स्टुडिओत विश्लेषणाच्या भागात जाऊन एक गोष्ट स्वतः बघा. ट्रॅफिकच्या स्रोतांत `YouTube search` वर टिचकी मारली की लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले त्याची यादी दिसते. तिचे दोन ढीग करा: एकात तुमच्या दुकानाचं नाव असलेले शोध, दुसऱ्यात बाकीचे. पहिल्या ढिगातली माणसं तुम्हाला आधीच ओळखतात आणि मेटाडेटा न बदलताही येणारच. समजा 1,800 पैकी 700 असे निघाले, तर वाढ मोजण्याचा खरा पाया 1,100 आहे आणि वरचा माझा अंदाजही तेवढाच खाली येतो.

दुसऱ्या ढिगातले शब्द तुमच्या शीर्षकांशेजारी ठेवून वाचा. लोक ‘माप कसं घ्यावं’ असं शोधताहेत आणि व्हिडिओचं नाव ‘आमच्याकडे खास तुमच्यासाठी’ असं आहे, तर तिथे सुधारणेला खरी जागा आहे. शीर्षकात तोच प्रश्न आधीपासून असेल आणि तरीही व्हिडिओ मागे पडत असेल, तर अडचण बहुधा थंबनेलमध्ये किंवा व्हिडिओतच आहे. शब्द बदलून ती सुटणार नाही.

आता प्रस्तावातल्या कामाकडे वळू. शीर्षकाची मर्यादा 100 अक्षरं, पण मोबाइलवर पुढचा भागच दिसतो, म्हणून प्रश्न सुरुवातीला आणि दुकानाचं नाव शेवटी हवं. वर्णनात 5,000 अक्षरं मावतात, तरी ‘अधिक’ दाबण्याआधी दिसणाऱ्या पहिल्या ओळींवरच बहुतेक भार असतो. उत्तर काय मिळेल आणि खरेदी कुठे करता येईल, हे तिथेच यायला हवं. टॅगबद्दल यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात त्यांचा वाटा अगदी थोडा आहे आणि मुख्य उपयोग चुकीच्या स्पेलिंगपुरता. त्यामुळे ‘प्रत्येकी 15 टॅग’ला वेगळी किंमत देऊ नका. हॅशटॅग 60 च्या वर गेले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं; दोन-तीन पुरतात. वर्णनात टॅगांची रास ओतणं तर नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी व्हिडिओ काढला जाऊ शकतो.

टॅगऐवजी दोन गोष्टी मागा. एक, प्रकरणांच्या वेळा, म्हणजे व्हिडिओचा कोणता भाग केव्हा सुरू होतो त्याची वर्णनातली यादी. पहिली वेळ 00:00 असावी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा असावा. यातलं एक चुकलं तरी प्रकरणं दिसत नाहीत. दुसरी, तपासलेली सबटायटल्स. आपोआप तयार होणाऱ्या मजकुरात मालाची नावं आणि मापं हमखास बिघडतात.

प्रस्तावात न लिहिलेला एक खर्च तुमचा स्वतःचा आहे. माप, हमी, वापराच्या सूचना बरोबर आहेत का, हे तुम्हालाच वाचावं लागेल. व्हिडिओमागे 20 मिनिटं धरली तर 40 व्हिडिओंना 13 तासांहून जास्त होतात, 8 व्हिडिओंना पावणेतीन तासही नाहीत. हे वाचन टाळलंत तर चुकीच्या हमीचं वर्णन तुमच्या नावावर छापलं जाईल आणि तो वाद मिटवायला विक्रीपेक्षा जास्त खर्च येईल.

म्हणून उलटा प्रस्ताव असा द्या. माहितीच्या 11 पैकी सर्वाधिक चालणारे 3 व्हिडिओ तसेच ठेवा. चालत्या व्हिडिओला हात लावायचा धोका टळतो आणि हंगामाचा चढउतारही त्यांच्यावरून कळतो. उरलेले 8 त्याच्याच दराने, म्हणजे 12 मध्ये द्या. सुरुवातीला 4, आणि मजकूर तुम्ही मान्य करून व्हिडिओवर चढल्यावर 8. मालाच्या पैशांना धक्का लागणार नाही. 84 आगाऊ दिले असते तर तेवढ्याचा माल फडताळात आला नसता, आणि न आलेला माल कितीही चांगल्या शीर्षकाने विकता येत नाही.

ही 12 ची फी वर्षभरात वसूल व्हायला महिन्याला फक्त 1 जादा विक्री लागते. माझ्या उदार अंदाजाप्रमाणे शोधातून महिन्याला 3 होत असतील, तर शोधाचे व्ह्यूज एक तृतीयांशाने वाढायला हवेत: 90 दिवसांत 1,800 वरून 2,400. दुकानाच्या नावाचे शोध वगळून पाया 1,100 ठरला, तर त्यातल्या विक्रीही कमी असणार. मग त्या पायावर 1,100 वरून निदान 1,700 पर्यंत वाढीची अपेक्षा ठेवा. फी देण्याआधी हा आकडा दोघांनी मिळून लिहून ठेवा.

वाढ मोजायची तर दुकानाच्या संकेतस्थळाचा दुवा ओळखता यायला हवा. वर्णनातल्या दुव्याच्या शेवटी हे जोडा आणि प्रत्येक व्हिडिओला शेवटचा शब्द वेगळा द्या:

```
?utm_source=youtube&utm_medium=video&utm_campaign=maap01
```

शॉर्ट्सच्या वर्णनातले दुवे ऑगस्ट 2023 अखेरपासून दाबता येत नाहीत, त्यामुळे हे फक्त लांब व्हिडिओंसाठी. दुकानात येणाऱ्याला गल्ल्यावर ‘कुठे पाहिलंत?’ एवढं विचारून वहीत खूण करा. बदल केल्यानंतरचे 90 दिवस आधीच्या 90 दिवसांशी ताडून बघा आणि शेजारी ते 3 न बदललेले व्हिडिओ ठेवा. तेही तितकेच वाढले असतील, तर वाढ हंगामाची आहे, मेटाडेटाची नाही. व्ह्यूज वाढले पण सरासरी पाहण्याचा वेळ घसरला, तर समजा शीर्षक व्हिडिओत नसलेली गोष्ट कबूल करतंय. ते लगेच बदलायला सांगा.

‘पहिल्या पाचात आणू’ ही ओळ करारातून काढून टाका. शोधाचा क्रम यूट्यूब ठरवतं, आणि पाहणारा बदलला की क्रमही बदलतो. तुमच्या दुकानाच्या नावाच्या शोधात पहिला नंबर आणून अट पूर्ण झाल्याचंही कुणी म्हणू शकेल. त्याऐवजी मोजता येणाऱ्या गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक व्हिडिओसाठी निवडलेला शोधशब्द आणि तो कुठून मिळाला, जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी असलेली शीट, आणि 90 दिवसांनी मागे राहिलेल्या व्हिडिओंची एक दुरुस्ती फुकट. जुना मजकूर जपलेला नसेल तर घसरलेला व्हिडिओ पूर्ववत करता येत नाही. मजकुराची मालकी तुमची असावी. पासवर्ड देऊ नका; स्टुडिओच्या सेटिंगमधल्या परवानग्यांतून एडिटरचा अधिकार द्या आणि काम संपलं की काढून घ्या.

पहिले दोन नमुने हातात आल्यावर एक छोटी तपासणी करा. एका व्हिडिओच्या वर्णनातलं मालाचं नाव खोडून दुसऱ्याचं घाला. मजकूर तरीही चपखल बसला, तर साचा भरून दिलाय, व्हिडिओ पाहिलेलाच नाही. तिथेच थांबा, तुमचे फक्त 4 गेलेले असतील.

दरमहा 8 चा करार आत्ता करू नका. नव्या 4 व्हिडिओंतले माहितीचे एखाद-दोनच असतील, तेवढ्यांना व्हिडिओमागे 2 द्या, सवलतीच्या व्हिडिओचं शीर्षक तुम्ही स्वतः लिहा. 90 दिवसांनी ठरवलेला आकडा गाठला, तर माहितीचे जास्त व्हिडिओ बनवून त्यांचं काम याच माणसाला द्या आणि तेव्हा तीन महिन्यांच्या करारावर बोला. गाठला नाही, तर तेच पैसे मालाकडे वळवा.