कांदाभजी तळताना बुडबुड्यांकडे लक्ष द्या

फोंड्यात आषाढातल्या संध्याकाळी भजी मऊ पडतात, याचा दोष आपण पावसाळी हवेला देतो. माझ्या मते तो बहुधा पिठात घातलेल्या पाण्याचा असतो. तीन मध्यम कांदे उभे पातळ चिरून मीठ चोळून दहा मिनिटे ठेवा आणि सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढे बेसन मिसळा. पिठाचा थेंब तेलात टाकताच बुडबुड्यांसह लगेच वर आला, पण करपला नाही, तर तेल तयार आहे. ते बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ असते. ती बाहेर पडत असेपर्यंत तेल आत फारसे शिरत नाही. एकदम जास्त भजी सोडल्यास तेल थंडावते, बुडबुडे मंदावतात आणि भजी तेलकट होतात. बुडबुडे विरळ होऊन सोनेरी रंग आला की काढा, मात्र झारा कोरडाच हवा.