स्वॅपचा पॅक शंभर दाखवतो, पण किती युनिटचा?

इलेक्ट्रिक स्कूटरची रिकामी बॅटरी घेऊन भरलेली देणाऱ्या, म्हणजे स्वॅपच्या, दोन्ही कंपन्यांचे पॅक ४८ व्होल्टचे आहेत. मग एकाचा पॅक दुसऱ्याच्या गाडीत का चालत नाही? – हडपसर

व्होल्टेज जुळून भागत नाही. खोक्याचं माप, कनेक्टर आणि बीएमएसचा, म्हणजे पॅकमधल्या सेलवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा, गाडीशी होणारा संवादही जुळावा लागतो. नीती आयोगाचा बॅटरी-स्वॅपिंग धोरणाचा मसुदा २०२२ मध्ये आला, तरी कंपन्या आपापलाच साचा धरून बसल्या आहेत. गॅरेजवाला कनेक्टर बदलून देतो म्हणाला तर साफ नाही म्हणा, आगीशी गाठ आहे.

पॅक लावला की १०० टक्के दिसतं. कधी ६५ किलोमीटर जातो, कधी ५० वरच संपतो. स्टेशनवाला म्हणतो, तुम्ही गाडी पळवता. – वाकड, डिलिव्हरी करतो

तुमच्या चालवण्यावर ढकलणं सोपं आहे. पण डिस्प्लेवरचे १०० टक्के म्हणजे पॅक आज जेवढा भरू शकतो तेवढा भरलाय, इतकंच. नवा २ युनिटचा पॅक, किलोमीटरला ३० वॅट-तास धरले तर ६६ किलोमीटर देतो. झिजून दीड युनिटचा झाला की ५०, आणि डिस्प्ले तरीही १००.

स्वॅपचा पॅक दिवसातून दीड-दोनदा रिकामा होतो, म्हणजे वर्षाला पाचशेच्या वर चार्ज-सायकल. त्यात एप्रिल-मेच्या दुपारी गरम पॅक आला तसा चार्जरवर चढला, तर झीज आणखी वाढते. घरच्या बॅटरीला रोजच्या २० किलोमीटरमागे वर्षाला जेमतेम ११० सायकल पडतात. ती वापरापेक्षा वयाने थकते, त्यातही उन्हात पूर्ण भरून उभी राहिली तर जास्तच.

आता पैशाचं बघा. समजा स्वॅपला ८० रुपये पडतात. २ युनिट मिळाले तर युनिट ४० रुपयांना, दीडच मिळाले तर ५३ ला. झिजलेल्या पॅकचा तोटा गुपचूप तुमच्या खिशातून जातो, आणि मला राग आहे तो याचाच. पॅकची खरी क्षमता बीएमएसमधून कंपनीला कळत असते, सांगत मात्र कोणी नाही.

दर स्वॅपला पॅकचा नंबर, किलोमीटर आणि काढतानाचे टक्के वहीत लिहा. ठरावीक नंबर सतत कमी देत असतील, तर दोष तुमच्या हाताचा नाही. कात्रजचा चढ चढताना २८ टक्क्यांवरून एकदम ९ वर आला, तर आतले काही सेल कमजोर असण्याची शक्यता मोठी. तो पॅक परत द्या, लेखी तक्रार करा आणि युनिटप्रमाणे बिल मिळतं का ते विचारा.

घरची बॅटरी रोज रात्री १०० टक्के करतो. चुकतंय का? मित्र म्हणतो, घरी चार्ज केली की खराब होते. – कोथरूड

मित्राचं ऐकू नका. रोज २० किलोमीटरच असतील तर ८० टक्के पुरतात. पण एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, सेल असतील तर अधूनमधून पूर्ण भरावी लागते, म्हणून आधी मॅन्युअल बघा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा.

बॅटरीशिवायची सेकंडहँड स्कूटर स्वस्त मिळतेय. घेऊ? – धनकवडी

तिला चालणारा पॅक देणारं स्टेशन रोजच्या वाटेवर आहे का, आणि सबस्क्रिप्शन तुमच्या नावावर होतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. तोवर टोकन देऊ नका.