मलिद्याचे ताट आणि सीमारेषा

अलिबाग

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. त्यात आखाती देशांतील, आफ्रिकेतील आणि इस्रायलमधील अशा सगळ्याच कोकणी समाजांना तू थोडी थोडी जागा दिली आहेस. माझे मत असे की बाकीचे सगळे बाजूला ठेवून एकट्या बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजावरच तू लिहावेस. स्थलांतरित समाज आपली श्रद्धा आणि ओळख कशी टिकवतात, या तुझ्या प्रश्नाची या समाजाने दोनदा, तीही उलट दिशांनी, उत्तरे दिली आहेत. आधी त्याने कोकणात ज्यू म्हणून स्वतःला जपले आणि पुढे इस्रायलमध्ये कोकणातले म्हणून.

नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा तू पहिल्याच परिच्छेदात इतिहास म्हणून मांडली आहेस. ती समाजाने स्वतःविषयी सांगितलेली कथा म्हणून दे, कारण तुझ्या विषयात तिचे मोल त्यातच आहे. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. भाषा मराठी, आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आलेली आणि स्त्रियांचे नेसणे शेजारणींसारखेच. वेगळेपण दिसे ते शनिवारच्या विसाव्यात, आठव्या दिवशीच्या सुंतेत आणि खाण्यापिण्याच्या नियमांत. मांस आणि दूध एकत्र चालत नसल्याने त्यांच्या रश्शात नारळाचे दूध आले, आणि द्राक्षमद्याच्या जागी काळ्या मनुकांचे सरबत.

1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली आणि लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा गावांत वसली. तिथे शनिवार साऱ्या देशाचाच सुट्टीचा दिवस होता आणि सुंता सगळ्यांचीच होत होती, त्यामुळे ज्या खुणांनी कोकणात त्यांची ओळख पटे त्या खुणांनी तिथे काहीच वेगळे दिसेना. फ्रेडरिक बार्थ या मानववंशशास्त्रज्ञाने 1969 मध्ये मांडलेला मुद्दा इथे तुझ्या उपयोगी पडेल. समूहाची ओळख त्याच्याजवळच्या सांस्कृतिक ऐवजावरून ठरत नाही, ती इतरांशी आखलेल्या सीमारेषेवरून ठरते, आणि शेजारी बदलले की त्या रेषेवर उभी करायची खूणही बदलते.

ती नवी खूण म्हणजे मलिदा, आणि माझ्या मते निबंधाचा मध्यभाग तूही त्यालाच द्यावास. भिजवलेल्या पोह्यांत खोवलेला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा घालून ताट भरतात, सोबत फळे मांडतात, आशीर्वचने म्हणतात आणि एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे गीत गातात. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा घरभरणीला हा विधी होतो. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाच्या रथाची खूण उमटली आहे अशी श्रद्धा असून 'तू बिश्वात' या ज्यूंच्या वृक्षसणाला लोक तिथे जातात. इस्रायलमध्ये गेलेल्यांना त्यासाठी हैफाची एलियाची गुहा जवळची झाली. ताट कोकणातल्या पोह्या-नारळाचे आणि ज्याचे स्मरण करायचे तो बायबलमधला, अशी ही जुळणी आहे. म्हणूनच ज्यूपणाला जराही बाधा न आणता आपण भारतातून आलो हे मलिद्यातून सांगता येते. बाकी भारतीय चालीरीतींना हे इतके सहज साधत नाही.

आता 1962 चा प्रसंग. बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा आदेश इस्रायलच्या प्रमुख ज्यू धर्मपीठाने काढला. समाजाने निदर्शने केली, आणि 1964 मध्ये हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे सरकारकडून स्पष्ट झाले. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला त्यांनाच पुरावा मागितला जावा, हे वाचताना मला आजही क्लेश होतात. तरीही या अपमानामुळेच मलिद्याचे महत्त्व वाढले असे तू लिहिले आहेस, ते वाक्य काढून टाक. एका घटनेनंतर दुसरी घडली एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मुलाखतींत मलिदा घरातून सभागृहात कधी आला, बाहेरच्यांना कधीपासून बोलावू लागले आणि गीतांचा अर्थ हिब्रूत कुणासाठी सांगावा लागतो, हे विचार. उत्तरे 1964 च्या आसपास गोळा झाली तर तुझ्या तर्काला आधार मिळेल. ती वीस-तीस वर्षांनंतरची निघाली, तर मराठी न बोलणारी पिढी मोठी होणे हे कारण अधिक संभवते.

आणखी एक खबरदारी घे. समाजाच्या संस्थांतले पदाधिकारी परंपरा अखंड असल्याचेच सांगतील, म्हणून घरात प्रत्यक्ष ताट भरणाऱ्या स्त्रियांशी आधी बोल. नारळाऐवजी काय वापरले, कोणते फळ मिळाले नाही, लेकीसुनांपैकी कुणी हे शिकून घेतले, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. तो भाग लिहून झाला की पाठव, प्रस्तावना आपण त्यानंतर पाहू.

तुझा हितचिंतक