पिकअपचं पेलोड १,२७० किलो, म्हणजे तेवढा माल भरायचा का?

प्रश्न: माझ्या पिकअपचं कर्ब वेट १,७२० किलो आणि जीव्हीडब्ल्यू २,९९० किलो आहे. मग बेळगावहून गोव्याला १,२७० किलो टोमॅटो न्यायला हरकत नाही ना? शिवाय मागे ट्रॉली जोडली तर?

हरकत आहे. कर्ब वेट म्हणजे कंपनीतून निघालेली रिकामी गाडी, ऑइल, पाणी, डिझेल आणि स्टेपनीसकट, पण माणसं सोडून. जीव्हीडब्ल्यू ही भरलेल्या गाडीच्या वजनाची कमाल मर्यादा. दोन्हींतला फरक म्हणजे पेलोड खरं, पण ड्रायव्हर-क्लीनर आणि नंतर बसवलेलं सामान त्यातूनच जातं.

आधी गाडी रिकामीच काट्यावर घ्या. समजा लोखंडी जाळी, कॅरिअर, ताडपत्री, दोर धरून १,८४० भरली. दोन माणसांचे १४० मिळवले की १,९८०. उरले १,०१०. भरलेला क्रेट २५ किलोचा धरला, तर चाळीसच क्रेट बसतात. तुमच्या हिशोबाने पन्नास झाले असते. ते दहा क्रेट चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापवतात. (पाटे चपटे झालेत का, हे डोळ्यांनी बघून जादा भार कळत नाही, काटाच खरा.)

ट्रॉलीचं गणित वेगळं. ओढायची क्षमता म्हणजे मागच्या ट्रॉलीचं मालासकट वजन. ते पेलोडमध्ये धरत नाहीत. मात्र हुकावर दाबून येणारा भार गाडीवरच पडतो, तो पेलोडमधून वजा करा. आणि माहितीपत्रकात ओढायचा आकडाच दिला नसेल, तर जोडू नका.