बंद मशीनचं बिल भरायचं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना आणि लहानशी लॅब आहे. मी फिजिशियन, बायको पॅथॉलॉजिस्ट. गेल्या वर्षी एका पुरवठादार कंपनीकडून बायोकेमिस्ट्रीचं ऑटो अ‍ॅनालायझर तीन वर्षांसाठी भाड्याने घेतलं. टेस्टमागे २० रुपये, महिन्याला किमान १,५०० टेस्टचं बिल, आणि मशीन महिन्यात ९५ टक्के वेळ चालू राहील अशी कंपनीची हमी. एप्रिलमध्ये मशीन ९ दिवस बंद होतं, मेमध्ये ११ दिवस. तरी दोन्ही महिन्यांची ३०-३० हजारांची बिलं आली, वर जीएसटी. कंपनी म्हणते, 'तुमच्याकडचं व्होल्टेज खराब आहे, आणि पार्ट यायला लागलेले दिवस हमीत धरत नाहीत.' करार करताना सही केलेले दोन कोरे चेक घेतले होते, ते बँकेत टाकू म्हणतात. वाद झाला तर लवाद मुंबईत, आणि लवाद कंपनीच नेमणार. पैसे थांबवले तर चालेल का?

डॉक्टर, सगळे पैसे थांबवू नका. एप्रिलचे २१,००० आणि मेचे १९,३६० रुपये, अधिक तेवढ्यावरचा जीएसटी, या आठवड्यात भरून टाका आणि उरलेल्या १९,६४० रुपयांना लेखी हरकत घ्या. हे आकडे मी कसे काढले ते नीट समजून घ्या. उद्या चेकचा खटला झाला किंवा लवादापुढे जायची वेळ आली, तरी तुमची बाजू याच हिशेबावर उभी राहणार आहे.

तुमच्या करारात दोन वेगवेगळी कलमं आहेत आणि कंपनी ती एकमेकांत मिसळते आहे. एक कलम हमीचं. मशीन ९५ टक्क्यांपेक्षा कमी चाललं तर कंपनीने काय द्यायचं, ते त्यात असतं. 'पार्टची वाट पाहण्याचे दिवस धरायचे नाहीत' ही सूटही त्याच कलमात असते. म्हणजे त्या दिवसांसाठी कंपनीला दंड लागणार नाही, एवढीच ती सूट आहे. त्या दिवसांचं भाडं दवाखान्याने द्यावं, असं ती सांगत नाही. दुसरं कलम किमान बिलाचं. महिन्याला १,५०० टेस्ट तुम्ही कराल हे गृहीत धरून ते लिहिलेलं असतं, आणि टेस्ट करायच्या तर मशीन चालू हवं. तुमच्याकडे पेशंट होते, रिएजंट होतं, माणूस होता. नव्हतं ते फक्त चालू मशीन. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५३ याच प्रसंगासाठी आहे. एका पक्षाने दुसऱ्याला त्याचं वचन पाळू दिलं नाही, तर अडवला गेलेला पक्ष करार रद्द करू शकतो आणि झालेलं नुकसान भरून मागू शकतो. करार रद्द करा असं मी म्हणत नाही, मशीन तुम्हाला हवं आहे. पण तुमच्या पत्राला जोर या कलमातून येईल. त्याच्या जोडीला कलम १५० आहे. भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे नुकसान झालं तर तो दोष देणाऱ्याला माहीत नसला तरी जबाबदारी त्याचीच राहते.

आता करार बाहेर काढा आणि दोन गोष्टी स्वतः वाचा. किमान बिलाच्या कलमात 'मशीन कोणत्याही कारणाने बंद असलं तरी' अशा अर्थाचे शब्द आहेत का? असले तर तुमची बाजू बरीच हलकी होते, कारण शब्द स्पष्ट असतील तर न्यायालय व्यापाऱ्यांमधला करार नव्याने लिहून देत नाही. मग 'स्वतःच्या चुकीचा फायदा कोणालाही घेता येत नाही' या तत्त्वावर भांडावं लागेल. भांडता येतं, पण खात्री देता येत नाही. दुसरं, पहिल्या पानावर मशीनचा मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. पुरवठादाराऐवजी एखाद्या फायनान्स कंपनीचं असेल तर हमी देणारा एक आणि पैसे मागणारा दुसरा, अशी अडचण होते. तसं असेल तर हप्ता थांबवण्याआधी मला किंवा तुमच्या वकिलांना पूर्ण करार दाखवा. पुढचं सगळं मशीन पुरवठादाराच्याच मालकीचं आहे असं धरून लिहितो.

हिशेब असा. एप्रिलचे दिवस ३०, मशीन चालू २१ दिवस. १,५०० टेस्टचा तेवढाच वाटा धरला तर १,०५० टेस्ट, म्हणजे २१,००० रुपये. मेच्या ३१ दिवसांत मशीन २० दिवस चालू. वाटा साधारण ९६८ टेस्टचा, म्हणजे १९,३६० रुपये. तुमच्या प्रत्यक्ष टेस्ट याहून कमी झाल्या असतील तरीही एवढे भरा. किमान बिल तुम्ही मान्य केलेलं आहे, आणि चालू दिवसांपुरतं ते लागूच आहे.

हमीची टक्केवारी काढताना अनेक डॉक्टर एका गोष्टीत अडकतात. कंपनी महिन्याचे चोवीस तासांनी ७२० तास धरते, तर दवाखाना म्हणतो की आम्ही सव्वीस दिवस, दहा-दहा तासच उघडे असतो, तेवढेच धरा. मशीन एखादी दुपार बंद राहिलं असेल तर हा फरक फार मोठा ठरतो. ७२० तासांच्या ५ टक्के म्हणजे ३६ तास, आणि २६० तासांच्या ५ टक्के म्हणजे फक्त १३. पण तुमचं मशीन नऊ-नऊ दिवस बंद होतं. कंपनीच्याच पद्धतीने मोजा: २१६ तास बंद, ७२० पैकी ५०४ तास चालू, म्हणजे ७० टक्के. त्यामुळे तासांच्या पद्धतीवर एक वाक्यही खर्च करू नका. कंपनीची पद्धत मान्य करून टाका आणि सगळी ताकद व्होल्टेजच्या मुद्द्यावर लावा.

व्होल्टेजमुळे बंद पडलं असं जो म्हणतो, ते दाखवायची जबाबदारी त्याची. तरी कागद तुम्हीच जमवून ठेवा. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे प्रत्येक भेटीत इंजिनियरने लिहिलेला सर्व्हिस रिपोर्ट. कोणता पार्ट बदलला ते त्यात पाहा. पॉवर सप्लाय किंवा बोर्ड जळालं असेल तर विजेचा संशय घेता येतो. पण सॅम्पल प्रोब, सिरिंज पंप, पाण्याची नळी किंवा फोटोमीटरचा दिवा बदलला असेल, तर ती साधी झीज आहे, तिचं खापर वीजपुरवठ्यावर फोडता येणार नाही. मशीन बसवताना इंजिनियरने अर्थिंग आणि यूपीएस तपासून 'जागा योग्य आहे' अशी सही केली असेल, तर तो इन्स्टॉलेशन रिपोर्टही लावा. ज्या जागेला कंपनीने स्वतः पास केलं, तिच्यावर वर्षभराने दोष ढकलणं तिला जड जाईल. महावितरणच्या तुमच्या उपविभागाकडे त्या तारखांना फीडर किती वेळ बंद होता याची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते हे कोणी नाकारणार नाही. लाइट गेली म्हणून दोन तास बंद आणि पंप आला नाही म्हणून आठ दिवस बंद, यातला फरक कागदावर दिसला पाहिजे.

एक बाजूची गोष्ट, पण महत्त्वाची. मशीनचा काउंटर कॅलिब्रेशन, कंट्रोल आणि पुन्हा लावलेली सॅम्पल्सही मोजतो. दुरुस्तीनंतर इंजिनियर चाचणीसाठी जे रन करतो, तेही त्यात येतात. करारात 'केलेली टेस्ट' असं लिहिलंय की 'रिपोर्ट दिलेली टेस्ट', ते पाहा. मशीन नीट चालतं त्या महिन्यांची बिलं लॅबच्या रजिस्टरशी एकदा जुळवून बघा. किमान आकड्याच्या वर गेलेल्या महिन्यांत हा फरक थेट तुमच्या खिशातून जातो. शिवाय आरोग्यसेवेवर जीएसटी नसल्याने या बिलांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. म्हणून हरकतीच्या पत्रात जास्तीच्या रकमेची क्रेडिट नोट मागा, म्हणजे तिच्यावरचा करही कमी होईल.

आता चेक. 'कोरा होता, रक्कम त्यांनी भरली' एवढा बचाव पुरणार नाही. सही तुमची असेल तर चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो, आणि ते खोडायचं काम तुमच्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बँकेला पेमेंट थांबवायला सांगितलं तरी चेकच्या कायद्याच्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो. तुमचा खरा बचाव असा: चेक बँकेत टाकला त्या दिवशी तेवढं देणं नव्हतंच. २०२२ च्या एका निकालात न्यायालयाने म्हटलं आहे की वटवण्याच्या दिवशी चेकवरची रक्कम हे कायद्याने वसूल होणारं देणं असलं पाहिजे, आणि मधल्या काळात काही पैसे दिले असतील तर तेवढे वजा झाले पाहिजेत. म्हणूनच मी आधी ४०,३६० भरा म्हणतो. माझ्याकडे आलेल्या एका डॉक्टरांनी रागाच्या भरात सगळंच थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण थोडं देणं खरंच बाकी होतं आणि तेवढ्यावरून त्यांना पाच तारखांना दूरच्या शहरात हजर राहावं लागलं. तुम्ही क्रम असा ठेवा: आधी पैसे, मग हरकतीचं पत्र, मग बँकेला सूचना, आणि खात्यात वादातल्या रकमेपेक्षा जास्त शिल्लक. तरी चेक परत गेला आणि नोटीस आली, तर ती हाती पडल्यापासून १५ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. कंपनीचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या न्यायालयात हा खटला चालतो, हेही लक्षात असू द्या.

मुंबईच्या लवादाची फार धास्ती घेऊ नका. एकाच पक्षाने एकट्याने लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नाकारलं आणि २०२४ मध्ये घटनापीठानेही ती भूमिका उचलून धरली. फक्त वाद सुरू झाल्यावर 'आमची हरकत नाही' अशा कोणत्याही कागदावर सही करू नका. त्या एका सहीने हा हक्क जातो. साडेएकोणीस हजारांसाठी मुंबईत लवाद चालवणं कंपनीलाही परवडणारं नाही, आणि वाटाघाटीत तुमची सगळ्यात जमेची बाजू तीच आहे.

ग्राहक आयोगाचा दरवाजाही थोडा किलकिला आहे. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तू-सेवांना ग्राहक कायदा लागू नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना अपवाद आहे. कायद्यात तो वस्तूंपुरताच लिहिलेला असल्याने भाड्याच्या मशीनला तो लागू व्हावा, असं पटवून द्यावं लागेल. तुम्ही दोघं स्वतःच दवाखाना आणि लॅब चालवत असाल तर हा अपवाद मांडता येईल. पगारी डॉक्टर आणि मोठा स्टाफ असेल तर कठीण जाईल. त्याचा फायदा असा की तक्रार यवतमाळलाच करता येते आणि करारातलं लवादाचं कलम तिच्या आड येत नाही.

हरकतीचं पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून पाठवा. बंद पडल्याच्या आणि सुरू झाल्याच्या तारखा, वरचा हिशेब, आणि 'ही रक्कम माझे सर्व हक्क राखून भरत आहे' हे वाक्य त्यात हवं. पुढची प्रत्येक तक्रार फोनवर सांगितली तरी लगेच ईमेलही करा, कारण बंद वेळेचं घड्याळ बहुतेक करारांत लेखी तक्रारीपासून सुरू होतं. पत्रानंतर माणसं मशीन उचलायला आली तर हातघाईवर येऊ नका. करारातल्या नोटिशीची मुदत दाखवा आणि यादीवर सही घेतल्याशिवाय काही नेऊ देऊ नका. त्याआधी, शक्यतो आजच संध्याकाळी, मशीनच्या कॉम्प्युटरमधल्या पेशंटच्या रिपोर्टचा आणि एप्रिल-मेच्या एरर लॉगचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. इंजिनियरने सॉफ्टवेअर नव्याने टाकलं तर तो लॉग पुसला जातो, आणि मशीन कधी व कशाने थांबलं हे सांगणारा त्याच्याइतका चोख साक्षीदार तुमच्याकडे दुसरा नाही.